टक्के उतरले, म्हणून मजकूर आपला झाला का?

*वाचकाचे पत्र*

मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते आणि हळदीची साठवणूक व विक्री या विषयावर मराठीतून पीएच.डी.चा प्रबंध लिहिते आहे. पूर्वसाहित्याच्या प्रकरणाचा साम्य-अहवाल ३१ टक्के आला. सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी ते प्रकरण, आणि घाईत मुलाखतींचे प्रकरणही, वाक्ये बदलून देणाऱ्या एका ऑनलाइन साधनातून काढले. आता अहवाल ७ टक्के आहे. सगळ्या लेखकांची नावे शेवटी संदर्भसूचीत आहेत. एकही वाक्य जसेच्या तसे उरलेले नाही, मग हे वाङ्मयचौर्य कसे ठरेल? तरीही प्रबंध सादर करायला हात धजत नाही. नमुन्यादाखल दोन उतारे सोबत जोडले आहेत. काय करू?

— एक संशोधक, सांगली जिल्हा

*उत्तर*

ताई,

तुमचा हात धजत नाही, त्यामागे कारण आहे आणि ते तुमच्याच दोन उताऱ्यांत दिसते. त्याआधी तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. वाङ्मयचौर्य म्हणजे वाक्ये जशीच्या तशी उचलणे, आणि वाक्ये बदलली की तो दोष संपतो, असे तुम्ही मानले आहे. तुमच्या सहकाऱ्यानेही तेच मानले असणार, कारण आपल्याकडे प्रबंधाच्या बाबतीत सगळी चर्चा टक्क्यांचीच होते. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत वाङ्मयचौर्याची जी व्याख्या आहे, तिच्यात टक्क्यांचा उल्लेख नाही. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणे, असा तिचा आशय आहे. त्यातील ‘कल्पना’ हा शब्द तुमच्या प्रश्नापुरता निर्णायक आहे. एखाद्या अभ्यासकाने काय शोधले, कोणत्या क्रमाने मांडले, कशाशी कशाची तुलना केली आणि त्यातून काय निष्कर्ष काढला, हे सगळे शब्द बदलल्यानंतरही त्याचेच राहते.

मग टक्के कशाचे असतात? साम्य तपासणारी प्रणाली तुमच्या मजकुरातील सलग शब्दांच्या साखळ्या तिच्या संग्रहातील लेख, संकेतस्थळे आणि प्रबंध यांच्याशी ताडून पाहते आणि जुळलेला भाग एकूण मजकुराच्या किती हिस्सा आहे, ते सांगते. तिचे मुख्य काम एवढेच. वाक्ये बदलणारे साधन दर चारदोन शब्दांनी एखादा पर्यायी शब्द घालते, कर्ता मागेपुढे करते, एका वाक्याची दोन करते. त्यामुळे साखळी तुटते आणि आकडा उतरतो. जी गोष्ट मोजली जात होती तिची मोजणी चुकवली गेली, एवढेच यात घडले. तुम्ही त्या लेखकाकडून जे घेतले होते ते जेवढे होते तेवढेच राहिले.

मराठी प्रबंधांच्या बाबतीत तर हा आकडा आणखी कमी भरवशाचा असतो. आपले कितीतरी छापील ग्रंथ आणि जुने प्रबंध एक तर संगणकावर आलेलेच नाहीत, किंवा पानांची छायाचित्रे म्हणून आले आहेत, किंवा युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलिखित आहेत. असा मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण प्रणालीच्या लेखी ती निव्वळ निरर्थक अक्षरांची रांग असते आणि तिच्याशी काहीच जुळत नाही. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून तो स्वतःचा म्हणून घातला, तरीही शब्दसाखळी जुळण्याचा प्रश्न बहुधा येत नाही. म्हणून मराठी प्रबंधातील ७ टक्के हा आकडा ‘फारसे काही सापडले नाही’ एवढेच सांगतो. ‘घेतले नाही’ असे तो सांगू शकत नाही. याची दुसरी बाजूही तुमच्या कामाची आहे. पहिल्या अहवालातील ३१ टक्क्यांत सगळे चौर्यच होते असे समजण्याचेही कारण नाही, आणि त्याकडे मी पुढे येईन.

आता तुमचा पहिला उतारा पाहू. इतर वाचकांसाठी एवढेच, की त्यातील पेव म्हणजे हळद साठवण्याचे जमिनीखालचे कोठार. मूळ लेखकाची व तुमची ओळख राहू नये म्हणून मी आकडे आणि तपशील बदलून त्याच घडणीचा उतारा येथे लिहितो. मूळ मजकूर साधारण असा होता:

“पाहणीतील ६० शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी हळद पेवात न ठेवता शीतगृहात ठेवणे पसंत केले. शीतगृह वापरणाऱ्यांना मिळालेला सरासरी दर काहीसा अधिक असल्याचे दिसते. मात्र या शेतकऱ्यांची जमीनधारणा मुळातच मोठी असल्याने दरातील फरक साठवणुकीच्या पद्धतीमुळे पडला, असे या पाहणीवरून म्हणता येत नाही. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आढळला नाही.”

साधनातून बाहेर पडलेला मजकूर असा आहे:

“सर्वेक्षणातील ६० कृषकांपैकी बहुसंख्यांनी हळद खड्ड्याऐवजी थंड खोलीत साठवण्यास प्राधान्य दिले. थंड खोलीचा उपयोग करणाऱ्यांना सरासरी जास्त किंमत प्राप्त झाली, कारण हे कृषक मोठ्या जमिनीचे मालक होते आणि साठवणुकीच्या पद्धतीने किमतीत फरक पाडला. आकडेवारीनुसार हा फरक महत्त्वाचा नव्हता.”

दोन्ही उतारे शेजारी ठेवा आणि आधी जे बदललेले नाही ते पाहा. वाक्यांचा क्रम तोच आहे: आधी पसंती, मग दर, मग जमीन, शेवटी चाचणी. ६० शेतकऱ्यांची पाहणी कोणीतरी उन्हातान्हात हिंडून केलेली आहे. शीतगृहवाल्यांची जमीन मोठी आहे, तेव्हा दराचे श्रेय साठवणुकीला देताना सावध राहावे, हा त्या लेखकाचा विचार आहे, आणि उताऱ्यातील सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. तुमच्या प्रकरणात या परिच्छेदाजवळ लेखकाचे नाव नाही. ते दीडशे पानांनंतर संदर्भसूचीत, इतर शंभर नावांच्या गर्दीत आहे. वाचणाऱ्याला वाटणार की ही पाहणी तुमची आणि विचारही तुमचा. संदर्भसूचीत नाव असल्याने तुम्ही ते पुस्तक वाचले असावे एवढे कळते. कोणते वाक्य कोणाचे, हे फक्त त्या वाक्याजवळ दिलेल्या संदर्भावरून कळते. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, एकही वाक्य जसेच्या तसे नसताना हे वाङ्मयचौर्य ठरते.

मग तुम्ही म्हणाल, परिच्छेदाजवळ लेखकाचे नाव आणि वर्ष टाकते, म्हणजे झाले. येथेच या साधनांचा दुसरा आणि माझ्या मते अधिक गंभीर दोष पुढे येतो. बदललेला उतारा आता ‘काय सांगतो’ ते पाहा. मूळ लेखकाने म्हटले होते की दरातील फरक साठवणुकीमुळे पडला, असे म्हणता येत नाही. साधनाने ते ‘साठवणुकीच्या पद्धतीने किमतीत फरक पाडला’ असे करून टाकले. ‘मात्र’ या एका शब्दावर ते वाक्य उभे होते; त्याच्या जागी ‘कारण’ आले आणि लेखकाने जे नाकारले होते तेच त्याच्या तोंडी गेले. ‘अधिक असल्याचे दिसते’ यातील राखून बोलणे गेले आणि ‘जास्त किंमत प्राप्त झाली’ असा ठाम निकाल आला; ‘काहीसा’ तर कुठेच उरला नाही. ‘जमीनधारणा’ मोठी असणे आणि ‘जमिनीचे मालक’ असणे या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक मानण्याच्या गोष्टी नाहीत, कारण धारणेत खंडाने किंवा वाट्याने कसलेली जमीनही धरलेली असू शकते.

शेवटचे वाक्य तर परीक्षकाच्या नजरेतून सुटणार नाही. ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नाही’ याचा अर्थ एवढाच की, दिसलेला फरक योगायोगानेही पडू शकतो ही शक्यता या नमुन्यावरून फेटाळता आली नाही. फरक लहान आहे की मोठा, शेतकऱ्याच्या दृष्टीने मोलाचा आहे की नाही, याबद्दल ते वाक्य काही बोलत नाही. ‘महत्त्वाचा नव्हता’ म्हटले की तेच बोलले जाते. शिवाय आता उतारा स्वतःशीच भांडतो: दुसऱ्या वाक्यात साठवणुकीने फरक पाडला आणि तिसऱ्यात तो फरक बिनमहत्त्वाचा. असा परिच्छेद लेखकाचे नाव लावून छापला, तर न केलेले विधान त्या अभ्यासकाच्या पदरी बांधल्यासारखे होते. म्हणजे या उताऱ्याला नाव न लावावे तर चौर्य आणि लावावे तर विपर्यास, अशी कोंडी आहे, आणि तो उतारा टाकून दिल्याखेरीज ती सुटत नाही.

साधनाकडून असे का होते, तेही समजून घ्यावे, म्हणजे ‘चांगले साधन वापरले असते तर’ हा विचार मनात राहणार नाही. जुन्या पद्धतीची साधने पर्यायी शब्दांच्या यादीवर चालतात. त्यांना ‘पेव’ आणि ‘खड्डा’ हे अदलाबदलीचे शब्द वाटतात. हरिपूरची पेवे पाहिलेल्या माणसाला ते तसे वाटणार नाहीत. काही साधने मजकूर एका भाषेतून दुसरीत नेऊन परत आणतात आणि त्या येण्याजाण्यात परिभाषा गळते. नवी, भाषा-प्रारूपांवर चालणारी साधने वाक्य सुबक लिहितात, आणि म्हणूनच ती जास्त फसवी आहेत. त्यांच्या मजकुरात ‘थंड खोली’सारखा खडा दाताखाली येत नाही, पण ‘दिसते’चे ‘आहे’ होणे, ‘काही ठिकाणी’ गळणे, दोन घटनांच्या शेजाराचे कारण-कार्य होणे हे तिथेही घडते. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. कोणता शब्द बदलला तर चालेल आणि कोणत्या शब्दावर लेखकाचा निष्कर्ष तोललेला आहे, हे ठरवण्यासाठी ती पाहणी, ती परिभाषा आणि लेखकाची सावधगिरी ठाऊक असावी लागते, आणि साधनापुढे तर फक्त तो परिच्छेद ठेवलेला असतो.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. २०२१ मध्ये गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मगाझिनोव या तीन संशोधकांनी छापून आलेल्या वैज्ञानिक लेखांत विचित्र शब्दप्रयोग शोधून काढले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे बनावट जाणीव. ‘बिग डेटा’च्या जागी ‘कोलोसल इन्फर्मेशन’. ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी, काय म्हणावे, ‘बूझम पेरिल’, म्हणजे उराचे संकट. साम्य-तपासणी चुकवण्यासाठी मजकूर साधनातून काढला की रूढ संज्ञा अशा पिळवटून निघतात, असा त्यांचा तर्क होता, आणि त्यांनी अशा प्रयोगांना ‘छळलेले शब्दप्रयोग’ या अर्थाचे नाव दिले. असे शब्दप्रयोग सापडलेले अनेक लेख पुढे मागे घेतले गेले. यातील बोध तुमच्यासाठी व्यावहारिक आहे: मजकुराचे साम्य लपवण्यासाठी केलेला बदलच पुढे पुरावा ठरतो. तुमच्या प्रबंधात शीतगृह पहिल्या प्रकरणात ‘शीतगृह’, दुसऱ्यात ‘थंड खोली’ आणि चौथ्यात पुन्हा ‘शीतगृह’ दिसले, तर सांगलीच्या बाजारपेठेत वावरलेल्या परीक्षकाला कोणत्याही अहवालाची गरज पडणार नाही.

तुमच्या दुसऱ्या उताऱ्याने मला पहिल्याहून अधिक अस्वस्थ केले, कारण तो मुलाखतींच्या प्रकरणातला आहे. पेवातून हळद काढणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचे बोलणे तुम्ही आधी त्यांच्याच शब्दांत उतरवले होते: “पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं न्हाई. आधी कंदील सोडून बघायचा.” साधनातून ते असे बाहेर आले: “पेव उघडल्यावर त्वरित प्रवेश करू नये. प्रथम प्रकाशाची व्यवस्था तपासावी.” आणि याच्याभोवती अवतरणचिन्हे अजून तशीच आहेत. ते गृहस्थ उजेडाबद्दल बोलतच नव्हते. बंद पेवात कोंडलेल्या हवेत प्राणवायू पुरेसा नसतो. सोडलेला कंदील मंदावला किंवा विझला तर खाली उतरायचे नाही, एवढ्यासाठी तो सोडायचा असतो. दोन वाक्यांत त्यांनी त्यांच्या व्यवसायाचे ज्ञान तुम्हाला दिले होते. साधनाने त्याची कार्यालयीन सूचना केली, तीही चुकीची, आणि अवतरणचिन्हांमुळे ती आता त्यांच्या नावावर आहे. माणसाने जे उच्चारलेच नाही ते त्याच्या तोंडचे म्हणून देणे याला संशोधनात पुरावा बनवणे म्हणतात, आणि ते वाङ्मयचौर्यापेक्षा कमी गंभीर मानले जात नाही. तुमच्या मनात असे काही नव्हते हे मला कळते. पण प्रबंध वाचणाऱ्यापुढे तुमचे मन नसते, छापलेले वाक्य असते.

म्हणून कामाला सुरुवात मुलाखतींच्या प्रकरणापासून करा. जुनी फाइल असेल तर ते प्रकरण पूर्णपणे तिच्यावरून परत आणा, आणि नसेल तर ध्वनिमुद्रणे किंवा वहीतील नोंदी काढून प्रत्येक अवतरण पुन्हा उतरवा. बोलीतील वाक्ये प्रमाण मराठीत आणण्याचा मोह टाळा. जिथे वाचकाला शब्द अडेल तिथे तळटीप द्या. या प्रकरणात साम्य दिसण्याचा प्रश्न मुळात नव्हताच, कारण त्या गृहस्थांचे बोलणे कोणत्याही संग्रहात नाही.

पूर्वसाहित्याच्या प्रकरणासाठी तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे आहे तसेच सादर करणे. विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरे. पण प्रबंधासोबत तुम्हाला हे काम मूळ आणि वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचे हमीपत्र द्यावे लागते, मार्गदर्शकांनाही तसे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात गेला की तो कोणालाही, केव्हाही वाचता येतो. पदवी मिळाल्यानंतर चौर्य सिद्ध झाले तर पदवी काही काळ स्थगित ठेवण्याची तरतूद त्याच विनियमांत आहे. ज्या लेखकाचे म्हणणे उलटे झाले आहे, तो स्वतः किंवा त्याचा एखादा विद्यार्थी तुमचा प्रबंध उघडणारच नाही, असे धरून चालता येत नाही; हळदीवर काम करणारी माणसे मोजकी आहेत आणि ती एकमेकांचे वाचतात. ही वाट मी सुचवत नाही.

दुसरी वाट म्हणजे साधनाचा मजकूर ठेवून त्यातील चुका हाताने दुरुस्त करणे आणि संदर्भ जोडणे. ती सोपी वाटते, पण व्यवहारात ती सर्वांत वेळखाऊ आहे. तुम्हाला प्रत्येक वाक्य मुळाशी ताडावे लागेल, आणि एवढे करूनही मांडणीचा क्रम त्या लेखकाचाच राहील. मूळ वाक्यातले शब्द काढून घालून केलेल्या अशा ठिगळकामाला रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकी अभ्यासिकेने नव्वदच्या दशकात ‘पॅचरायटिंग’ म्हटले होते. नवखे विद्यार्थी विषय पुरता उमगण्याआधी असे लिहितात आणि त्यामागे दरवेळी लबाडी असतेच असे नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटते. परंतु शिकतानाची पायरी म्हणून जे समजून घेता येते ते प्रबंधात तसेच ठेवता येत नाही.

तिसरी वाट म्हणजे साधनाची प्रत बाजूला ठेवून ३१ टक्क्यांच्या मूळ प्रतीकडे परत जाणे. तिचा अहवाल उघडा आणि रंगवलेला प्रत्येक भाग कशामुळे रंगला ते पाहा. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, संदर्भासह दिलेली अवतरणे, कायद्यांचा मजकूर आणि रूढ संज्ञा यांना विनियमांनी साम्यातून वगळले आहे. योगायोगाने जुळणाऱ्या सलग १४ शब्दांपर्यंतच्या साखळ्याही वगळल्या आहेत. तुमच्या ग्रंथालयात अहवाल काढताना ही वगळण्याची निवड केलेली नसेल, तर बराच आकडा तिथूनच आलेला असू शकतो. संस्थांची लांबलचक नावे, शासकीय योजनांची शीर्षके, ‘सांगली जिल्हा महाराष्ट्राच्या’ अशी सुरुवात असलेली भौगोलिक माहिती हेही जुळतेच. या गोष्टींना हात लावू नका. ‘भौगोलिक मानांकन’ला पर्याय शोधत बसण्यात काही अर्थ नाही. तुमचाच पूर्वी छापलेला लेख जुळत असेल, तर तिथे त्या लेखाचा संदर्भ द्या.

जे उरेल ते खरोखर दुसऱ्याच्या वाक्यांचे असेल, आणि ते थोडे निघेल असा माझा अंदाज आहे. तिथे एक निवड करावी लागते. लेखकाचे शब्दच महत्त्वाचे असतील, जसे एखादी व्याख्या किंवा वादग्रस्त विधान, तर ते अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह जसेच्या तसे द्या. बाकी सर्व ठिकाणी मूळ लेख पुन्हा वाचा, तो मिटवा, आणि समोर बसलेल्या तुमच्या पदवीच्या वर्गाला सांगावे तसे दोनतीन वाक्यांत लिहा: कोणी, कोणावर, काय पाहिले आणि किती खात्रीने काय म्हटले. लिहिता येत नसेल तर तो लेख अजून कळलेला नाही, आणि मग त्याला प्रबंधात घेण्याची घाई नको. लिहून झाल्यावर मूळ लेख उघडून चार गोष्टी ताडा: आकडे, नकार, ‘दिसते’ किंवा ‘असावे’ यांसारखे राखून बोलणे, आणि पारिभाषिक शब्द. या चारांत फरक नसेल तर शब्द कोणतेही असोत, लेखकावर अन्याय होत नाही.

वरचा उतारा या पद्धतीने असा होऊ शकतो: “शीतगृहात हळद ठेवणाऱ्यांना काहीसा चढा दर मिळाल्याचे अमुक (वर्ष) यांना ६० शेतकऱ्यांच्या पाहणीत आढळले, परंतु हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता आणि शीतगृह वापरणाऱ्यांची जमीनधारणाही मोठी होती, म्हणून साठवणूक आणि दर यांचा कार्यकारण-संबंध ते मांडत नाहीत. प्रस्तुत अभ्यासात जमीनधारणेनुसार शेतकऱ्यांचे गट वेगळे केले आहेत, ते याच मर्यादेमुळे.” येथे ‘शीतगृह’, ‘जमीनधारणा’, ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय’ हे शब्द मुळातलेच आहेत आणि ते तसेच असायला हवेत. नवे आहे ते दुसरे वाक्य. त्या पाहणीचा तुमच्या अभ्यासाशी काय संबंध, हे फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि पूर्वसाहित्याच्या प्रकरणाकडून परीक्षकाची अपेक्षा तीच असते. तुम्ही गट तसे केले आहेत की नाही हे मला ठाऊक नाही. नमुना म्हणून लिहिले आहे.

इंग्रजी लेखांबाबत हीच रीत पाळा. यंत्राने केलेला अनुवाद लेख चटकन समजून घेण्यासाठी वाचायला हरकत नाही, पण प्रबंधात उतरवायला तो नको. एखादे इंग्रजी वाक्य मराठीत अवतरण म्हणून द्यायचेच असेल, तर अनुवाद स्वतः करा आणि तो तुमचा असल्याचे नमूद करा. शुद्धलेखन तपासणारे साधन वापरणे ही वेगळी गोष्ट आहे. ते तुमचेच वाक्य दुरुस्त करते. तरीही तुमच्या विद्यापीठाने अशा साधनांच्या वापराबद्दल काही निवेदन मागितले असेल तर ते द्या.

राहिला मार्गदर्शकांचा प्रश्न. त्यांना सांगावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण ७ टक्क्यांचा अहवाल त्यांच्यापर्यंत पोहोचला असेल तर सांगावेच लागेल, कारण ते त्याच आधारावर सही करणार आहेत. लांबण लावू नका. ही दोन प्रकरणे मी साधनातून काढली होती, त्यात अर्थाचे असे घोटाळे झाले आहेत, म्हणून मी मूळ प्रतीवरून पुन्हा लिहिते आहे आणि मला इतके आठवडे हवे आहेत, एवढे म्हणा आणि वरचे दोन उतारे शेजारी ठेवून दाखवा. मूळ प्रत, साधनाची प्रत आणि नवी प्रत तारखांसह वेगळ्या ठेवा. हल्ली काही प्रणाली यंत्राने फिरवलेला मजकूरही ओळखू पाहतात आणि त्या दोन्ही बाजूंनी चुकतात. उद्या तुमच्या स्वतःच्या वाक्यावर कोणी बोट ठेवले, तर या प्रती आणि हस्तलिखित टिपणे तुमच्या बाजूने बोलतील.

नव्या प्रतीचा आकडा ७ वर येणार नाही, तो ११ किंवा १२ निघू शकतो. तसे झाले तर शब्द फिरवायला पुन्हा बसू नका. ग्रंथपालांना वगळण्याचे सर्व पर्याय लावून अहवाल पुन्हा काढायला सांगा, आणि त्यानंतरही उरलेल्या प्रत्येक जुळणीसमोर ती का आहे हे एका ओळीत लिहून तो कागद अहवालासोबत मार्गदर्शकांना द्या.